सारखे चार लाख

आमच्या घरात पहिल्यांदा मोठी रक्कम आली ती ह्यांनी फौंड्रीतून स्वेच्छानिवृत्ती घेतली तेव्हा. शिरोलीला सत्तावीस वर्षं ह्यांनी भट्टीसमोर काढली होती. कंपनीनं माणसं कमी करायला काढली, तेव्हा हे सगळ्यांच्या आधी अर्ज देऊन मोकळे झाले. त्याच वर्षी उचगावच्या बाजूला तरुणपणी घेऊन ठेवलेला प्लॉटही विकला गेला. सगळं मिळून बँकेत बारा लाख झाले. नवं शतक नुकतंच लागलं होतं, आणि मंगळवार पेठेतल्या आमच्या तीन खोल्यांच्या घरात बारा लाख म्हणजे कुणीतरी हत्ती आणून बांधल्यासारखं होतं. तो कुठं ठेवायचा हेच कळेना.

मी घरी ब्लाउज शिवायची. मुलं तीन. थोरला पुण्याला नोकरीला, बायको आणि लहान मुलीसह भाड्याच्या घरात. मधली मुलगी निपाणीला दिलेली. तिच्या सासरी तंबाखूची वखार आणि सात खोल्यांचं घर. धाकटा आमच्याजवळ, एका मशीन शॉपमध्ये लेथवर. त्याचं लग्न व्हायचं होतं.

थोरल्याचा फोन एका रविवारी आला. त्यानं सिंहगड रोडला फ्लॅट बघितला होता. बँक नऊ लाखांतले पंच्याऐंशी टक्के द्यायला तयार होती. वरचे स्वतःचे भरायचे, शिवाय स्टॅम्प ड्युटी, रजिस्ट्रेशन, पार्किंग, लाइटचं डिपॉझिट. स्वतःजवळचे घालूनही अडीच लाख कमी पडत होते. तो म्हणाला, "आप्पा, जमलं तर बघा. न्हाय जमलं तर राहू दे."

ह्यांनी फोन ठेवला आणि जेवताना म्हणाले, "चार देऊ."

मी म्हटलं, "अवो, त्यानं अडीच मागितलेत की."

"त्यो लाजंनं कमी मागतोय. आणि एकट्याला न्हाय. तिघांस्नी चार-चार. एकाच दिवशी. एकाच बँकेतनं. म्हंजे कुणाचं तोंड वाकडं व्हायला नको."

ह्या हट्टामागं कारण होतं. ह्यांच्या वडिलांनी थोरल्या भावाला घर बांधायला पैसे दिले होते आणि ह्यांना 'तुझं बघू' म्हणून सांगितलं होतं. ते बघायच्या आतच वडील गेले. तेव्हापासून दोघा भावांचं बोलणं बंद. एकाच दूधकट्ट्यावर दोघं सकाळी समोर पिळलेलं दूध प्यायला जायचे आणि पाठीला पाठ लावून ग्लास रिकामा करायचे. गवळ्यानं दोघांच्या म्हशीसुद्धा वेगळ्या ठरवून दिल्या होत्या.

त्यामुळं हे न्यायाच्या बाबतीत फार कडक. पण त्यांच्या न्यायाला एक अट होती. पैसे घरासाठीच. पहिल्या घरासाठी. "न्हायतर एक गाडी घील, दुसरा धंद्यात घालंल, आणि दहा वर्सांनी म्हणतील मला काय मिळालं? घर दिसतं. भिंत दिसती." थोरला घर घेतोय, तर बाकीच्या दोघांनीही घरच घ्यायचं, आणि तेही दिवाळीच्या आत, म्हणजे तिघांचे चेक एका दिवशी फाडता येतील.

मी विचारलं, "पण त्या दोघांस्नी घर नकोय."

"त्ये त्यांनी बघावं," हे म्हणाले, आणि पुढचा घास घेतला.

धाकट्याला जेव्हा कळलं की त्यानं घर घ्यायचं आहे, तेव्हा तो आमच्याच घराच्या उंबऱ्यावर बसून चप्पल शिवत होता. त्यानं वर बघितलं. "कुठं जाऊ मी? हितंच हाय की."

"दादा फ्लॅट घेतोय," हे म्हणाले.

"घेऊ द्या की. मी काय केलंय?"

पण बापापुढं चालत नाही म्हणून तो घरं बघायला लागला. आठवड्याभरात त्याला एक एजंट भेटला. एजंटानं पन्हाळा रोडला 'बंगलो स्कीम' दाखवतो म्हणून आम्हा तिघांना रिक्षात घातलं. रस्त्यापासून आत गेलो तर पुढं उभा ऊस. एजंट पायजमा वर करून उसात शिरला. आम्ही मागोमाग.

आतून त्याचा आवाज आला, "पावणं, इकडं या. ह्यो हॉल."

आम्ही पाचट तुडवत गेलो.

"आता डावीकडं वळा. किचन. वैनी, किचनला पूर्वेचा उजेड हाय बघा." मला दोन्ही बाजूंनी उसाशिवाय काही दिसत नव्हतं. हातावर पानांचे चरे उठले होते. "आन् ही मास्टर बेडरूम. जरा जपून, पाट हाय."

हे पाटात एक पाय घालून उभे राहिले आणि म्हणाले, "जमीन एनए झालीया?"

"व्हतंय की."

"सातबाऱ्यावर कुणाचं नाव हाय?"

"चार भावांचं. तीन तयार हायीत."

"आणि चौथा?"

एजंट म्हणाला, "ह्यो ऊस त्याचाच हाय." तेवढ्यात बांधावरून कुणीतरी शिव्या द्यायला लागलं आणि आम्ही हॉल, किचन ओलांडून पळत रस्त्यावर आलो. धाकट्याची शिवलेली चप्पल बेडरूममध्येच राहिली.

मुलीचं प्रकरण ह्याहून अवघड झालं. तिला मी फोनवर सांगितलं तेव्हा ती आधी हसली. मग म्हणाली, "आई, दादाला चार आणि मला काय न्हाय असं होणार असंल तर घेते की मी घर. लग्नात सोनं घातलं म्हणून मला वगळू नका. दादाच्या इंजिनिअरिंगला पण पैसा घातलाय की."

ते खरंच होतं. मला तिचा राग आला नाही. उलट इतकी वर्षं ती हे मनात घेऊन होती याचं वाईट वाटलं.

ती दोन शनिवार कोल्हापूरला आली आणि राजारामपुरीकडं फ्लॅट बघून गेली. सासरी काय सांगायचं ते तिला सुचलं नाही, म्हणून तिनं काहीच सांगितलं नाही. दुसऱ्या शनिवारी बिल्डरच्या ऑफिसात तिला निपाणीचा एक अडत्या भेटला. त्यानं हसून नमस्कार केला, आणि संध्याकाळपर्यंत निपाणीत बातमी झाली की सून वेगळी निघाली, कोल्हापुरात बिऱ्हाड करणार.

रविवारी सकाळी आमच्या दारात ट्रॅक्स जीप थांबली. आतून व्याही, विहीणबाई, जावई, जावयाचे काका, आणि गावातले दोन वयस्क गृहस्थ उतरले. एकाच्या हातात नारळ, दुसऱ्याच्या हातात केळ्यांचा घड. मी चहा टाकायला वळले तर विहीणबाई म्हणाल्या, "चहा नको. आधी पोरगीला काय कमी पडलं ते सांगा."

मुलगी आदल्या रात्रीपासून आमच्याकडंच होती. ती बाहेर आली. सासूला म्हणाली, "अव्वा, काय कमी न्हाय पडलं."

"मग वेगळं घर कशाला?"

"मला नकोय घर."

"नकोय तर बघतीस कशाला?"

"दादा घेतोय म्हणून."

काकांनी गंभीरपणे मान हलवली. "बघा. भाऊ वेगळा राहतो म्हणून पोरगी वेगळी राहणार. आता पुण्याचं वारं निपाणीला."

जावई कोपऱ्यात उभा होता. तो माझ्याकडं बघून हळू आवाजात म्हणाला, "आई, मी बायकोला घर न्हाय देऊ शकत असं म्हणायचं हाय का तुमाला?" त्याचे डोळे भरले होते. तो तंबाखूची पोती उचलणारा धिप्पाड माणूस, आणि तो सासऱ्याच्या चार लाखांमुळं रडायच्या बेतात आला होता.

मग हे उठले आणि त्यांनी आपला सगळा हिशोब मांडला. तिघं, चार-चार, एक दिवस, एक बँक, पहिलं घर. बोलता बोलता त्यांना चेव चढला. ते थांबले. वयस्क गृहस्थांपैकी एकानं केळं सोललं.

व्याह्यांनी बोटांवर हिशोब मोजला. ते म्हणाले, "म्हंजे ह्यात भांडण कुणाचंच न्हाय?"

"न्हाय."

"मग आमी आलोय कशाला?"

 मग सगळ्यांनी चहा घेतला, मी पोहे केले, दुपारी मटण झालं. पण जाताना काका व्याह्यांना म्हणाले, "अण्णा, तुमी पण दोघा पोरांस्नी असं सारखं द्याय पाहिजे बरं का," आणि व्याह्यांचा चेहरा पडला. पुढच्या आठवड्यात मुलीचा फोन आला की निपाणीच्या घरात वखार कुणाची आणि ट्रॅक्स कुणाची ह्यावरून दोन्ही भावांत बोलाचाली सुरू झाली आहे.

त्या रात्री भांडी घासताना मला एकदम एक गोष्ट लक्षात आली. मी हात पुसत बाहेर आले. "अवो, बारा लाखातनं तिघांस्नी चार-चार गेलं की मागं किती राहतंय?"

हे हिशोबात पक्के. तरी थोडा वेळ लागला. "न्हाय राहत."

"आणि आपण?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मला अजून तो चेहरा आठवतो. सत्तावीस वर्षं त्यांनी ओतलेल्या कास्टिंगला कुठं चीर गेलीय ते नुसतं वाजवून ओळखलं होतं, आणि ही एवढी मोठी भेग त्यांना दिसली नव्हती. पेन्शन होती, पण तिच्यात महिन्याचं दूध आणि लाइट बिल भागलं तर भागलं. ह्यांना साखर होती. माझे गुडघे गेले होते.

"तू शिवतीस की," ते म्हणाले. मग त्यांनाच लाज वाटली असावी. ते उठून दारात जाऊन उभे राहिले.

माझ्याकडं एक वकीलबाई ब्लाउज शिवायला यायच्या. कोर्टासमोर त्यांचं ऑफिस. चार दिवसांनी त्या मापाला आल्या तेव्हा तोंडात टाचण्या धरून मी त्यांना सगळं सांगितलं. त्या हात वर करून उभ्या होत्या, त्यामुळं त्यांना पळूनही जाता येईना.

त्या इतक्या हसल्या की बाहीचं माप तीनदा घ्यावं लागलं. मग म्हणाल्या, "मावशी, उलटं करा. आधी तुम्हा दोघांना मरेपर्यंत काय लागतंय ते बाजूला काढा. दवाखाना धरून. मग उरलेल्यातून द्या. आणि मागणाऱ्याला लागतं तेवढंच द्या. त्यानं अडीच मागितलेत ना? मग अडीच."

"पण बाकीची दोघं?"

"त्यांच्या वाट्याचे अडीच-अडीच त्याच दिवशी एफडीला टाका. तुमच्या दोघांच्या नावावर. लागेल तेव्हा द्या. घर लागलंच पाहिजे असं कुठं आहे?"

"हे म्हणतात भिंत दिसली पाहिजे."

"एफडीची पावती दिसते की. आणि नॉमिनी लावला म्हणजे झालं असं समजू नका. नॉमिनीकडं बँक पैसे देते, पण ते त्याचे होतात असं नाही. मृत्युपत्र करा. त्यात लिहा, थोरल्याला एवढे दिलेत, ते त्याच्या वाट्यातले. घर, प्लॉटचे पैसे, सगळं तुमच्या मिस्टरांनी स्वतः कमावलेलं आहे, त्यांना हवं तसं लिहिता येतं. साक्षीदार बाहेरचे घ्या, मुलं नकोत. आणि लिहून कपाटात लपवू नका. तिघांना वाचून दाखवा."

मी हे रात्री जेवताना सांगितलं. ह्यांनी ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न काढला. "आज अडीच आणि दहा वर्सांनी अडीच, सारखं कसं?"

ह्या प्रश्नावर दिवाळीत तिन्ही मुलं आणि जावई आमच्या घरात तीन तास बसले. मुलगी म्हणाली सोन्यात मोजा. आज किती तोळे येतात ते लिहा. थोरला म्हणाला, मग सिमेंटच्या भावात मोजा, घरासाठी पैसे आहेत. जावई म्हणाला तंबाखूत मोजलं तर चढउतार जास्त. हे म्हणाले कच्च्या लोखंडाचा भाव सगळ्यात खरा, त्याला कुणी फसवत नाही. धाकटा फराळाच्या ताटाजवळ बसला होता. तो शेव खात म्हणाला, "त्ये व्याज लागतंय की बँकेत. तेवढं पुरं."

सगळे एकदम त्याच्याकडं वळले. मग हे म्हणाले, "बरोबर हाय," आणि तिथंच ते मिटलं. ज्याला काहीच नको होतं त्यालाच तेवढं कळलं होतं.

त्याच बैठकीत मृत्युपत्राचा मसुदा वाचून दाखवला. ह्यांनी तो शाळेतल्या धड्यासारखा मोठ्यानं वाचला. 'माझ्या पश्चात' आलं की मुलगी रडायची, आणि ते शब्द दर चार ओळींनी येत होते. शेवटी हे वैतागले. "पश्चात म्हंजे आत्ता न्हाय गं! आत्ता मला जेवायचं हाय."

बाकी दोघांच्या अडीच-अडीचच्या एफडी केल्या आणि त्याच दिवशी थोरल्याला अडीचचा चेक दिला. त्याच्या बँकेला एक पत्र हवं होतं: हे पैसे भेट आहेत, परत घ्यायचे नाहीत. ह्यांना ते पत्र लिहिणं फार जड गेलं. परत घ्यायचे नव्हतेच, पण तसं लिहून द्यायचं म्हणजे काय? शेवटी त्यांनी लिहिलं, आणि खाली स्वतःहून एक ओळ घातली: 'मुलगा चांगला आहे.' बँकेनं ते तसंच ठेवून घेतलं.

बारापैकी साडेचार आमच्यासाठी राहिले. त्यातले काही पुढं माझ्या गुडघ्याला गेले, आणि तेव्हा एकाही मुलापुढं हात पसरावा लागला नाही.

चार वर्षांनी मुलीनं तिच्या वाट्याचे घेतले. जावयानं बाकीचं कर्ज काढलं आणि दोघांनी राजारामपुरीजवळ एक खोली-किचन घेऊन भाड्यानं दिलं. आता निपाणीत कुणाला काही वाटलं नाही. भाडेकरू बदलत होता त्या महिन्यात विहीणबाईंचं व्याह्यांशी भांडण झालं आणि त्या बॅग भरून त्या फ्लॅटमध्ये येऊन राहिल्या. एकट्या. मी डबा घेऊन गेले तर त्या खिडकीत बसून रस्ता बघत होत्या. म्हणाल्या, "लई निवांत हाय बघा." त्यांना न्यायला व्याह्यांना दोनदा यावं लागलं.

धाकट्याचं लग्न झालं आणि आमच्या तीन खोल्या पुरेनाशा झाल्या. त्यानं विचारलं, माझ्या एफडीचे घेऊन आपल्याच घरावर मजला चढवू का? साधी गोष्ट. पण ह्यांनी थोरल्याला फोन केला आणि मुलीलाही, कारण वरचा मजला हे 'पहिलं घर' होतं का, हा प्रश्न होता.

वकीलबाईंनी दुसरी अडचण दाखवली. मजला धाकटा बांधणार, पण खालची जागा ह्यांची. ह्यांच्यामागं तिन्ही मुलं हक्क सांगणार. मग त्याच्या पैशाचं काय? म्हणून मृत्युपत्र बदलायचं: वरचा मजला धाकट्याला, खालचं घर माझ्या हयातीपर्यंत माझं आणि मग थोरल्या-मधलीचं. आणि त्या दोघांनाही हे आधी विचारायचं.

मुलगी लगेच हो म्हणाली. थोरल्यानं फोनवर मला विचारलं, "जिना कुठनं हाय?"

"आतनं. जुनाच."

"मग ते घर कसं होईल? जिना बाहेरनं पाहिजे. न्हायतर उद्या आमी खालच्या घरात हक्कानं आलो तर त्यानं वर जायचं कुठनं? आमच्या स्वयंपाकघरातनं?"

बोलण्यात तथ्य होतं, पण धाकटा भडकला. त्यानं माझ्या हातातून फोन घेतला. "दादा, तुझ्या फ्लॅटचा भाव आता तिप्पट झालाय. आमाला नुसतं व्याज मिळालं. जिन्याचं काय काढतोस?"

 ह्यांनी धाकट्याला खूण केली, पण ते बोलले ते फोनमध्येच, दोघांना ऐकू जाईल असं: "भाव वाढला त्यो त्याच्या हप्त्यांवर. रातध्याड राबून त्यानं फेडलंय. त्यात आपलं काय न्हाय."

धाकट्यानं फोन मला परत दिला. थोरला मला म्हणाला, "आई, बाहेरच्या जिन्याला किती खर्च येतोय ते विचार त्याला."

आठवड्यानं त्याच्याकडून जिन्याच्या खर्चाचा चेक आला. सोबत चिठ्ठी नव्हती. ह्यांनी तो चेक उलटसुलट करून टेबलावर ठेवला. आता हा कशात धरायचा? भेट? कुणी कुणाला दिली? मृत्युपत्रात लिहायचा का? ते वकीलबाईंकडं निघाले, चप्पल पायात घातली, आणि दारातून परत आले.

"न्हाय लिहीत," ते म्हणाले. "राहू दे."

जिना झाला. लोखंडी, उभा, फार अरुंद. सामान त्यावरून जात नाही आणि माझे गुडघे तर नाहीतच. धाकटा, त्याची बायको, पोरं, सगळी जुन्या आतल्या जिन्यानंच ये-जा करतात, माझ्या स्वयंपाकघरातून, आणि जाताना काहीतरी तोंडात टाकून जातात. बाहेरच्या जिन्यावर मी उन्हाळ्यात पोरांकडून पायरीपायरीला ताटं मांडून घेऊन सांडगे वाळवते. चौदा पायऱ्या आहेत. त्यावर बरेच मावतात.